बरणीतली मेणबत्ती विझते तेव्हा ऑक्सिजन कुठे असतो?

परातीत बोटभर पाणी, मध्ये चिकटवलेली मेणबत्ती, वरून उपडा घातलेला काचेचा ग्लास. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला सोलापूर शहरातल्या किंवा माढा-मोहोळकडच्या शाळांत फिरलं, तर हा प्रयोग एखाद्या तरी टेबलावर हमखास दिसतो. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढतं आणि टेबलामागची मुलगी पाठ केलेलं घडाघडा म्हणते, "ग्लासातला ऑक्सिजन संपला म्हणून मेणबत्ती विझली. ऑक्सिजन हवेचा एक पंचमांश असतो, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं." परीक्षक मान डोलावतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात.

यातली दोन्ही विधानं चूक आहेत. मेणबत्ती विझते तेव्हा ग्लासातला जवळजवळ तीन चतुर्थांश ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि पाणी चढतं त्याचा ऑक्सिजनशी संबंध फारच थोडा. प्रयोग शाळेतून काढून टाकावा असं माझं म्हणणं नाही. तो स्वस्त आहे, मुलांना आवडतो आणि नीट बघितला तर फार काही शिकवतो. बदलायला हवं ते त्याखाली लिहिलं जाणारं वाक्य. ही केवळ शुद्धलेखनासारखी किरकोळ दुरुस्ती नाही. ज्या जिल्ह्यात माणसं विहिरीत, धान्य साठवायच्या पेवात आणि ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरतात, तिथे "दिवा जळतोय म्हणजे हवा चांगली आहे" ही समजूत याच वाक्याच्या पोटातून येते.

आधी हिशेब करू. एक लिटरची बरणी घ्या. तिच्यातल्या १००० मिलिलिटर हवेत ऑक्सिजन साधारण २१० मिलिलिटर, बाकीचा ७९० बहुतेक सगळा नायट्रोजन. बंद जागेत साध्या मेणबत्तीची ज्योत विझते ती ऑक्सिजनचं प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास उतरलं की. वात, ज्योतीचा आकार आणि बरणीची ठेवण यांनुसार त्यात टक्काभर इकडेतिकडे. मेण म्हणजे पॅराफिन. त्यात वेगवेगळ्या लांबीचे रेणू असतात, पण हिशेबापुरता एक मधला रेणू धरला तर जळणं असं होतं:

C₂₅H₅₂ + 38 O₂ → 25 CO₂ + 26 H₂O

म्हणजे ऑक्सिजनचे ३८ भाग खर्च झाले तर कार्बन डायऑक्साइडचे २५ भाग तयार होतात. पाण्याची वाफ थंड काचेवर थिजते, ती सोडून देऊ. आता प्रमाण २१ वरून १६ टक्क्यांवर यायला ऑक्सिजन किती जळावा लागेल? गणित ५३ मिलिलिटरवर येतं. त्याबदली ३५ मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बरणीत उरतो १५७ मिलिलिटर ऑक्सिजन, म्हणजे मूळच्या २१० पैकी ७५ टक्के. एवढ्या जळण्याला मेण लागतं फक्त वीस मिलिग्रॅमच्या घरात, म्हणून तर एक लिटरच्या बरणीत ज्योत पंधरा-वीस सेकंदांत आटोपते.

या हिशेबाने पाणी किती चढायला हवं? ५३ गेले, ३५ आले, घट १८ मिलिलिटरची. दोन टक्केही नाही. सगळा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला असं धरलं (इतक्या थोड्या वेळात तो तसा विरघळत नाही), तरी घट साडेपाच टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात पाणी दहा, पंधरा, कधी वीस टक्के चढतं. ते चढवणारं दुसरंच काहीतरी आहे.

ते म्हणजे तापलेली हवा. ग्लास ज्योतीवरून खाली आणतानाच त्यातली हवा तापून फुगते आणि काही बाहेर निघून जाते. काठ पाण्यात टेकल्यावर पहिल्या काही सेकंदांत काठाखालून बुडबुडे सुटतात, तीही बाहेर पडणारी हवाच. मग ज्योत विझते, आतली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. उन्हाळ्यात सोलापुरात खोलीचं तापमान ४० अंश असेल आणि आतली हवा सरासरी ९० अंशांपर्यंत तापली असेल, तर नुसत्या थंड होण्याने ती १४ टक्क्यांच्या आसपास आकसते. कधीकधी आकडा २० च्या जवळ जातो हा निव्वळ योगायोग, आणि याच योगायोगाने हा प्रयोग इतकी वर्षं तारून नेला.

पडताळा घ्यायला उपकरण लागत नाही. पाण्याकडे नीट बघत राहायचं. ऑक्सिजन खर्च होण्याने पाणी चढत असतं, तर ज्योत जळत असताना ते सावकाश, एका चालीने चढलं असतं. दिसतं वेगळंच. ज्योत जोमात असते तोवर पाणी जवळजवळ हलत नाही. ती मंदावली, विझली की एकदम वर येतं. दुसरा पडताळा आणखी चोख आहे. त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ऑक्सिजन तेवढाच, पण उष्णता जास्त, आणि पाणी पहिल्यापेक्षा बरंच वर चढतं. ऑक्सिजनचा एक पंचमांश तीन मेणबत्त्यांनी वाढत नाही. ज्यांना मेणबत्तीच नको त्यांनी ग्लास गरम पाण्याने भरून, मिनिटभराने ओतून लगेच परातीत उपडा घालावा. काहीही न जळता पाणी वर येतं.

आता मुख्य प्रश्न. एवढा ऑक्सिजन शिल्लक असताना ज्योत विझते का? उत्तरासाठी विझतानाचे शेवटचे दोन-तीन सेकंद बघायला हवेत. पिवळा भाग आखडत जातो, ज्योत लहान आणि निळसर होते, वातीपासून किंचित सुटल्यासारखी तरंगते आणि जाते. लगेच वातीतून पांढरा धूर सरळ वर निघतो. हा धूर म्हणजे मेणाचीच वाफ, थंड होऊन दिसू लागलेली. म्हणजे त्या क्षणी इंधन हजर आहे, १६ टक्के ऑक्सिजन हजर आहे, आणि तरीही जळणं थांबलेलं आहे. नाही ती उष्णता.

ज्योत स्वतःच्या उष्णतेवर जगते. मेण वितळवणं, वातीतून वर आलेल्या मेणाची वाफ करणं, आजूबाजूची हवा वर खेचणं आणि वाफ व ऑक्सिजन एकमेकांशी भिडतील इतकं तापवणं, ही सगळी कामं त्याच उष्णतेतून होतात. आणि ऑक्सिजन एकटा येत नाही. साध्या हवेत त्याच्या एका भागाबरोबर नायट्रोजनचे जवळजवळ चार भाग ज्योतीत शिरतात. ते जळत नाहीत, नुसते तापून निघून जातात. ओल्या लाकडाच्या चुलीचं होतं तेच: आच तयार होते, पण तिचा बराच भाग लाकडातलं पाणी वाळवण्यात जातो. बरणीत प्रमाण १६ टक्क्यांवर आलं की ऑक्सिजनच्या एका भागामागे न जळणारे वायू पाच भागांपेक्षा जास्त होतात. त्यात आता कार्बन डायऑक्साइड आणि वाफ आहे, आणि हे दोन्ही नायट्रोजनपेक्षा जास्त उष्णता पितात.

ज्योतीचा सर्वांत तापलेला भाग एरवी १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. तो बाराशे-तेराशेच्या खाली घसरू लागला की जळण्याची साखळी तुटते, कारण या प्रक्रियेचा वेग तापमानाबरोबर सरळ रेषेत उतरत नाही, कोसळतो. वेग उतरला की उष्णता कमी, उष्णता कमी की मेणाची वाफ कमी, वाफ कमी की ज्योत आणखी लहान. म्हणून ज्योत हळूहळू शून्यावर येत नाही. एका उंबरठ्यापाशी येऊन एकदम विझते. तो उंबरठा ओलांडल्यावर उरलेला ऑक्सिजन तिच्या काही कामाचा नसतो.

तर १६ हा आकडा हवेचा नसून मेणबत्तीचा आहे. इंधन बदललं की आकडा बदलतो. हायड्रोजनची ज्योत पाच टक्के ऑक्सिजनच्या आसपासही तग धरते. पांढरा फॉस्फरस तर बंद भांड्यातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन संपवतो, आणि जुन्या प्रयोगशाळांत हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण काढायला तोच वापरत, मेणबत्ती नव्हे. (तो विषारी आहे आणि हवेत आपोआप पेटतो, शाळेत त्याचं नावही काढू नये.)

माणसाचा आकडा तर वेगळ्याच मापाने मोजावा लागतो. आपण सोडलेल्या श्वासात १६-१७ टक्के ऑक्सिजन आणि चार टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो. नळीने पाण्याखालून फुंकून बरणी या हवेने भरली आणि तारेला लावलेली पेटती मेणबत्ती आत सोडली, तर ती लगेच विझते. पण बुडालेल्या माणसाला तोंडाने श्वास देतात तो हाच श्वास, आणि तो त्याला पुरतो. समुद्रसपाटीला १६ टक्के ऑक्सिजन म्हणजे फुप्फुसांच्या दृष्टीने साधारण उटीच्या उंचीवरची हवा. माणूस तिथे आरामात हिंडतो. आणि गंमत म्हणजे उटीत मेणबत्तीही मजेत जळते, कारण तिथे दाब कमी असला तरी ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच असतं. फुप्फुसाला ऑक्सिजनचा दाब लागतो, ज्योतीला प्रमाण. एकावरून दुसऱ्याचं अनुमान काढलं की घोटाळा झालाच.

उरलेला ऑक्सिजन मुलांना दाखवता येतो का? येतो, आणि माझ्या मते हाच प्रयोग परातीच्या शेजारी मांडायला हवा. लोखंड गंजताना ऑक्सिजन घेतं, त्याला ज्योतीसारखा उंबरठा नसतो, त्यामुळे ते बंद भांड्यातला ऑक्सिजन जवळजवळ संपेपर्यंत गंजत राहतं. हार्डवेअरच्या दुकानात फर्निचर पॉलिशसाठी बारीक स्टील वूल मिळतं, ते एक-दोन ग्रॅम घ्यायचं. भांडी घासायची चकचकीत स्टीलची घासणी चालत नाही. ती गंजत नाही, आणि प्रयोग फसतो तो बहुधा इथेच. स्टील वूलवर तेलाचा हात असतो, म्हणून ते मिनिटभर व्हिनेगरमध्ये बुडवून घट्ट पिळायचं. पिळायचं राहिलं तर आम्लामुळे हायड्रोजनचे बुडबुडे निघून माप बिघडतं.

१०० मिलिलिटरची दोन मोजपात्रं घ्या आणि दोन्हींच्या तळाशी असं स्टील वूल कोंबून बसवा. पहिलं साध्या हवेने भरलेलं, पाण्याच्या तसराळ्यात उपडं घाला. दुसरं पाण्याने पूर्ण भरून तसंच उपडं धरा आणि मेणबत्ती विझलेल्या, थंड झालेल्या बरणीतली हवा पाण्याखालूनच तिरकी ओतून त्यात घ्या, १०० च्या खुणेपर्यंत. मात्र ओतण्याआधी बरणीत थोडी चुन्याची निवळी घेऊन, तोंड झाकून हलवायची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड ती आधीच शोषून घेते; मोजपात्रात निवळी नको, तिच्यात लोखंड गंजत नाही. निवळी वापरली नाही तर कार्बन डायऑक्साइड दिवसभरात पाण्यात विरघळतो आणि आपण ती घट ऑक्सिजनच्या खात्यावर मांडतो. हवा मोजपात्रात घेतल्यावर थोडी हलवून, पातळी स्थिर झाली की मग खूण करायची. वूल ओलं आहे, त्यामुळे गंजणं तेवढ्यात थोडं सुरू होतं, पण फरक नगण्य.

चोवीस तासांनी दोन्ही पातळ्या वाचा. वाचताना मोजपात्र वरखाली करून आतली आणि बाहेरची पातळी एका रेषेत आणायची, आणि वेळ आदल्या दिवशीचीच ठेवायची. दुपार आणि पहाट यांत दहा अंशांचा फरक पडला तर हवा तीन टक्क्यांनी आकसते, आणि आपल्याला पकडायचा फरकच मुळात चार-पाच मिलिलिटरचा आहे. साध्या हवेच्या मोजपात्रात पातळी २१ मिलिलिटरच्या जवळ चढते. मेणबत्तीच्या हवेच्या मोजपात्रात १६-१७ च्या जवळ. "ऑक्सिजन संपला" हे खरं असतं, तर दुसऱ्यात पातळी हललीच नसती. एवढं डोळ्यांनी बघितल्यावर जुनं वाक्य म्हणायला कुणाची जीभ वळेल असं वाटत नाही.

यावर शिक्षकांचा आक्षेप ठरलेला असतो: सहावीच्या मुलाला उष्णतेचा तोल आणि उंबरठा कळणार नाही, मग "ऑक्सिजन संपला" हे सोपं उत्तर का नको? सोपं उत्तर द्यायला हरकत नाही, पण ते सोपं असावं, खोटं नसावं. "ज्योतीला पुरेसा ऑक्सिजन मिळेनासा झाला म्हणून ती विझली; बरणीत ऑक्सिजन अजून बराच आहे" हे वाक्य सहावीच्या मुलाला जड नाही. पाण्यासाठी "गरम हवा थंड होऊन आकसली" एवढं पुरे. आणि वर्गात थोडा वेळ असेल तर एकाच उंच बरणीखाली एक लांब आणि एक आखूड मेणबत्ती लावून आधी कोण विझेल ते विचारा. बहुतेक मुलं म्हणतात आखूड, कारण कार्बन डायऑक्साइड जड असतो हे त्यांनी पाठ केलेलं असतं. विझते लांब. तापलेले वायू हलके होऊन वर जमतात आणि ज्योतीला आधी वरच गाठतात. ज्योत आपल्या आसपासच्या हवेबद्दल सांगते, अख्ख्या बरणीबद्दल नाही, हे मुलांना यातून आपोआप कळतं.

आता बरणी मोठी करा. मंगळवेढ्याच्या बाजूला ज्वारी साठवायला जमिनीत पेवं असत. बंद पेवात दाणे आणि त्यांच्यावरची बुरशी श्वसन करतात, जितका ऑक्सिजन घेतात जवळजवळ तितकाच कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि हा वायू थंड असल्याने तळाशी बसतो. म्हणून पेवाचं तोंड उघडून ते बराच वेळ तसंच ठेवायचं आणि दिवा सोडून बघायचा ही रीत होती. रीत शहाणपणाची आहे, पण एका बाजूनेच. दिवा विझला तर ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांच्या खाली गेला आहे, आणि पेवात त्याची जागा चार-पाच टक्के कार्बन डायऑक्साइडने घेतली आहे. उतरायचं नाही, हे पक्कं.

दिवा जळत राहिला तर मात्र काहीच पक्कं नाही. साखर कारखान्यालगतच्या डिस्टिलरीच्या आंबवणाच्या टाकीत बाहेरून पाच टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला, तर ऑक्सिजन २० टक्क्यांवरच राहतो. दिवा जळतो आणि माणसाला धाप लागून डोकं दुखू लागतं. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड हजारात एक भाग असला तरी माणूस काही श्वासांत कोसळू शकतो, आणि ज्योतीला त्याचा पत्ताही लागत नाही. सडक्या अंड्याचा वास येईल या भरवशावर राहू नये, कारण जास्त प्रमाणात हा वायू आधी नाकच बधिर करतो. विहिरीच्या आत उतरवलेल्या डिझेल इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइडही तसाच, त्याला तर वासही नाही. आणि मिथेन असेल तर पेटता दिवा सोडणं म्हणजे स्फोटाला काडी लावणं.

संरक्षक साधनांशिवाय चेंबरमध्ये माणूस उतरवून घाण काढायला लावणं २०१३ च्या कायद्याने बंद आहे, तो प्रश्न तिथेच संपायला हवा. विहीर, टाकी आणि पेवासाठी चार वायू मोजणारा मापक आता सहज मिळतो: ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि पेट घेणारे वायू. त्यात कार्बन डायऑक्साइड बहुधा नसतो, त्यामुळे पेव आणि आंबवणाच्या टाकीसाठी त्याचा वेगळा सेन्सर असलेला मापक मागून घ्यावा लागतो. ऑक्सिजनचा इशारा साडेएकोणीस टक्क्यांना वाजतो, म्हणजे दिवा विझायच्या कितीतरी आधी. मापक दोराने तळापर्यंत सोडायचा, आकडा स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं द्यायची, मध्यावर आणि वरही वाचायचं, आणि माणूस आत असेपर्यंत तो त्याच्या कमरेला चालूच ठेवायचा.